‘डेन’पाशी थांबण्यासाठी मॅडमना लिहिलेला निरोप

गेल्या सप्टेंबरात, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, मी जर्मन भाषा शिकायला सुरुवात केली. माझी मुलगी न्यूर्नबर्गला असते, तिचे सासर जर्मन आहे आणि येत्या मे महिन्यात आम्ही पतिपत्नी तिच्याकडे राहायला जाणार आहोत. जावई उत्तम इंग्रजी बोलतात, परंतु विहीणबाईंना इंग्रजी जवळजवळ येत नाही. लग्नात त्या ठाण्याला आल्या होत्या तेव्हा आठ दिवस आम्ही दोघी एकमेकींकडे बघून फक्त हसत होतो, आणि ते मला फार लागून राहिले होते. म्हणून पाचपाखाडीत राहणाऱ्या, घरी शिकवण्या घेणाऱ्या एका शिक्षिकेकडे मी नाव घातले. चरईतून चालत जाता येईल असे अंतर, मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी साडेपाच ते सात, आणि समोर मी एकटीच विद्यार्थिनी. त्या माझ्या मुलीहूनही लहान आहेत. त्या मला ‘काकू’ म्हणतात आणि मी त्यांना ‘मॅडम’ म्हणते.

मॅडम मनापासून शिकवतात, त्यांचे उच्चार स्वच्छ आहेत, फळ्यावरचे अक्षरही देखणे आहे. तरीही नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत माझी अशी अवस्था झाली होती, की वही भरत चालली होती आणि तोंडातून एक वाक्य धड निघत नव्हते. तासाला बसले असताना सगळे कळल्यासारखे वाटे. मॅडम विचारत, “काकू, समजलं ना?” आणि मी म्हणे, “हो, समजलं.” ते खोटे नसायचे, कारण त्या क्षणी फळा समोर असल्यामुळे समजलेलेच असायचे. घरी येऊन वही मिटली की मात्र सगळे धुक्यात जाई.

प्रथम मी तोंडी सांगून पाहिले. एका शुक्रवारी निघताना म्हटले, “मॅडम, जरा हळू घ्याल का?” त्यांनी लगेच मान्य केले, आणि पुढच्या मंगळवारी खरोखरच प्रत्येक वाक्य सावकाश, शब्द तोडून म्हटले. पण त्या दीड तासात अकुझाटीव, म्हणजे ढोबळमानाने आपली द्वितीया, पूर्ण शिकवून झाली आणि शुक्रवारी डाटीव, म्हणजे आपली चतुर्थी, सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात मला एक उपयोगी वाक्य शिकवले होते, ‘क्योनेन झी बिटे लांगझामर श्प्रेशेन’, म्हणजे ‘कृपया जरा सावकाश बोलाल का’. मी मराठीतून नेमके तेवढेच मागितले होते आणि मला तेवढेच मिळाले. मॅडमचे बोलणे मला कधीच वेगवान वाटत नव्हते. एका तासात येणाऱ्या नव्या गोष्टी जास्त होत्या, आणि एक गोष्ट जिभेवर बसण्याआधी तिच्यासारखीच दिसणारी दुसरी गोष्ट येत होती. ‘हळू’ या एका शब्दात या सगळ्या तक्रारी मावत होत्या, त्यामुळे ऐकणाऱ्याने त्यातली सर्वांत सोपी उचलली, यात त्यांची काही चूक नव्हती.

माझी सारी नोकरी बँकेत गेली. खात्यात फरक आला की ‘कुठेतरी चुकले आहे’ असे म्हणून भागत नाही, नोंदी लावून बघाव्या लागतात. ती सवय इथे कामी आली. पुढचे तीन तास मी एक गोष्ट नेमाने केली. तास संपल्यावर वहीच्या मागच्या पानावर त्या दिवशी आलेले नवे शब्द मोजले आणि नवे नियम लिहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाआधी, वही न उघडता, कोऱ्या कागदावर आठवतील ते शब्द त्यांच्या लिंगासह लिहिले. चौथ्या दिवशी पुन्हा तेच केले. पहिल्या तासाचे नवे शब्द होते ३४. दुसऱ्या सकाळी १५ आठवले आणि चौथ्या दिवशी ८. शब्द कमी आठवणे हे एक वेळ चालले असते, पण माझे लक्ष वेधले ते नियमांनी. दुसऱ्या सकाळी मी अकुझाटीवची वाक्ये बरोबर लिहीत होते. डाटीवचा तास झाल्यानंतर मात्र तीच वाक्ये चुकू लागली. नव्या तासाने जुन्या तासात भर घातली नव्हती, जुने खोडून टाकले होते.

हे कसे घडत होते ते सांगितल्याशिवाय पुढच्या निरोपाचा अर्थ लागणार नाही, म्हणून थोडे व्याकरण. जर्मन भाषेत मराठीसारखीच तीन लिंगे आहेत आणि प्रत्येक नामापुढे त्याच्या लिंगाचा एक छोटा शब्द लागतो. पुल्लिंगाला ‘डेअर’, स्त्रीलिंगाला ‘डी’, नपुंसकलिंगाला ‘डास’. आपण विभक्तीचा प्रत्यय नामाच्या शेवटी लावतो, जर्मन माणूस बहुतेक वेळा हा पुढचा छोटा शब्द बदलतो. अकुझाटीवमध्ये फक्त पुल्लिंगी ‘डेअर’चा ‘डेन’ होतो, ‘डी’ आणि ‘डास’ तसेच राहतात. डाटीवमध्ये तिन्ही बदलतात. पुल्लिंग आणि नपुंसकलिंग दोन्हींचे ‘डेम’ होते आणि स्त्रीलिंगाचे होते ‘डेअर’. म्हणजे ज्या ‘डेअर’ला मी दोन महिने पुल्लिंगाची खूण म्हणून घोकले, तो चार दिवसांत स्त्रीलिंगाच्या रकान्यात येऊन बसला. अनेकवचनाच्या डाटीवमध्ये पुन्हा ‘डेन’ येतो, तोही त्याच तक्त्यात होता. पाच-सहाच छोटे शब्द आहेत, पण तेच फिरून फिरून वेगळ्या कामाला येतात. त्यातला एक पक्का बसल्याशिवाय दुसरा समोर आला की दोन्ही हलतात.

आणि यात माझी मराठीही आडवी येत होती, हे मला फार उशिरा उमगले. शाळेत आम्ही विभक्तीचे प्रत्यय तालावर पाठ केले आहेत. द्वितीयेचे स, ला, ते आणि चतुर्थीचेही स, ला, ते. ‘मी त्या माणसाला विचारते’ आणि ‘मी त्या माणसाला मदत करते’ या दोन वाक्यांत माझ्या कानाला काहीच फरक ऐकू येत नाही, दोन्हीकडे ‘ला’ आहे. जर्मनमध्ये मात्र पहिल्यात ‘डेन मान’ येते आणि दुसऱ्यात ‘डेम मान’. उलट ‘मी चहा पिते’ असे म्हणताना आपण चहाला कुठलाच प्रत्यय लावत नाही, तर जर्मनमध्ये चहा पुल्लिंगी असल्यामुळे तिथे ‘डेन टे’ करावे लागते. म्हणजे जिथे मराठीत काहीच दिसत नाही तिथे मला बदल करायचा होता, आणि जिथे मराठीत एकच ‘ला’ आहे तिथे मला दोन वाटा निवडायच्या होत्या. मॅडमचे शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालेले असल्याने त्या इंग्रजीशी तुलना करून समजावत, आणि मी मनात मराठीवरून जात असे. आमची अडचण तिथे जुळतच नव्हती.

हे सर्व ध्यानात आल्यावर मी निरोप लिहायला बसले. पहिला मसुदा मोबाइलवर तीन पडदे भरतील एवढा झाला. त्यात माझे वय, गुडघेदुखी, लक्षात राहत नाही याची खंत, मॅडमच्या शिकवण्याची स्तुती आणि ‘गैरसमज नसावा’ हे चार वेळा. यजमानांना वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून एकच प्रश्न विचारला, “हे वाचून शुक्रवारी त्यांनी वेगळं काय करायचं?” त्या प्रश्नाचे उत्तर मसुद्यात कुठेही नव्हते. वयाचा उल्लेख तर मी मुद्दाम काढला, कारण तो वाचून समोरचा माणूस धीर देतो, “नाही हो काकू, छान जमतंय तुम्हांला,” आणि विषय तिथेच संपतो.

दुसरा मसुदा लिहिताना मी स्वतःला तीन गोष्टी विचारल्या. नेमके कुठे मोडते आहे, त्याचा एक दाखला कोणता, आणि मला काय हवे आहे. मग आणखी एक चौथी गोष्ट सुचली, ती म्हणजे काय सोडून दिले तरी चालेल. वेग कमी करायचा तर कशाला तरी कात्री लागणार, आणि ती कुठे लावायची हे एकट्या शिक्षिकेवर टाकणे मला बरोबर वाटेना. त्यांना माझ्या मे महिन्यातल्या गरजा माझ्याइतक्या ठाऊक नव्हत्या. निरोप मी बुधवारी सकाळी पाठवला, तासाच्या तोंडावर पाठवला नाही, कारण तासाची तयारी त्या आदल्या दिवशी करतात हे मला माहीत होते. समोर बसून सांगितले असते तर त्यांना लगेच काहीतरी उत्तर द्यावे लागले असते, आणि मीही भिडेपोटी अर्धेच बोलले असते. तो निरोप असा होता:

“मॅडम, नमस्कार. शुक्रवारच्या तासाआधी आपल्याला विचार करायला वेळ मिळावा, म्हणून आजच लिहीत आहे. आपले बोलणे मला नीट समजते, तेव्हा ते आणखी सावकाश करण्याची गरज नाही. माझी अडचण अशी आहे की एका तासात नवे फार येते आणि ते पुढच्या तासापर्यंत टिकत नाही. गेल्या तीन तासांची मी नोंद ठेवली. मागच्या मंगळवारचे ३४ शब्द होते, त्यांतले चौथ्या दिवशी ८ आठवले. अकुझाटीवची वाक्ये मी बुधवारी बरोबर लिहिली होती, पण शुक्रवारी डाटीव आल्यानंतर ‘इश ट्रिंके डेम टे’ असे लिहू लागले. मराठीत दोन्हींना एकच ‘ला’ असल्यामुळे माझा हा गोंधळ होतो आहे असे वाटते. तासात आपण विचारता तेव्हा मी ‘समजलं’ म्हणते, ते फळा समोर असतो म्हणून. यापुढे मी तसे म्हणणार नाही, वाक्य करून दाखवीन.

माझी विनंती अशी, की पुढचे तीन आठवडे फक्त अकुझाटीव ठेवावे आणि डाटीव तूर्त बाजूला ठेवावे. एका तासाला १० ते १२ नवे शब्द पुरेत. तासाची पहिली १५ मिनिटे मी वही न बघता मागच्या तासातले बोलेन, आणि ते जमले नाही तर नवे काही घेऊ नये. आकडे, घड्याळ आणि फॉर्म भरण्याचे धडे भरभर घेतले किंवा वगळले तरी चालेल. मला परीक्षा द्यायची नाही, मे महिन्यात विहीणबाईंशी घरातले बोलता आले म्हणजे झाले. यामुळे बारा धडे मार्चपर्यंत पूर्ण होणार नाहीत याची मला कल्पना आहे आणि त्याला माझी हरकत नाही. यातले काही शिकवण्याच्या दृष्टीने चुकीचे असेल तर आपण जरूर सांगावे.”

आकड्यांचा उल्लेख मी सहज केलेला नव्हता. जर्मनमध्ये एकवीस म्हणताना आधी एक आणि मग वीस येतात, ‘आइन-उंट-ट्स्वान्सिश’. इंग्रजीतून जाणाऱ्या विद्यार्थ्यांना हा उलटा क्रम जड जातो म्हणून मॅडमनी त्यावर दोन पूर्ण तास घालवले होते. आपले एकवीस, बत्तीस, सत्तेचाळीस त्याच क्रमाने चालतात, त्यामुळे मला ते पहिल्या पंधरा मिनिटांतच आले होते. घड्याळात एक खाच आहे, कारण ‘हाल्प ड्राय’ म्हणजे साडेतीन नव्हे, अडीच. जर्मन माणूस पुढच्या तासाकडे जाणारा अर्धा मोजतो. पण ती एकदा कळली की कळली. वेग कमी करण्याची विनंती म्हणजे सगळेच सरसकट हळू करणे नव्हे, हे मला त्या दोन तासांनी दाखवले होते, आणि म्हणून जिथे मी पुढे होते ते सांगणेही मला आवश्यक वाटले.

दुपारपर्यंत उत्तर आले नाही आणि मला चुटपुट लागली, त्यांना वाईट वाटले असेल का. चार वाजता त्यांचा फोन आला. त्या म्हणाल्या, “काकू, ते ‘डेम टे’ वाचलं आणि मला लगेच कळलं काय झालंय. तुम्ही मान हलवत होतात, म्हणून मी पुढे जात होते.” त्यांचे बाकीचे विद्यार्थी परीक्षेला बसणारे आहेत, त्यांना ठरावीक तारखेच्या आत सगळा अभ्यासक्रम पार करावा लागतो, आणि तोच आराखडा त्यांनी माझ्यासाठीही धरला होता. माझ्यापुढे परीक्षा नाही हे मी पहिल्या दिवशी सांगितले होते, पण त्याचा अर्थ काय काय वगळता येते असा होतो, हे आम्ही दोघींनीही कधी बोलून घेतले नव्हते.

मात्र दोन मुद्द्यांवर त्यांनी मला नकार दिला, आणि आज वाटते की ते दोन्ही नकार योग्य होते. पहिला म्हणजे डाटीव पूर्ण बाजूला ठेवता येणार नाही. ‘बसने’, ‘स्वयंपाकघरात’, ‘मी बरी आहे’ ही वाक्ये त्याच्याशिवाय होतच नाहीत, आणि विहिणीशी बोलताना तीच पहिल्यांदा लागणार. मग त्यांनी असा मार्ग काढला, की ‘मिट डेम बुस’, ‘इन डेअर क्यूशे’, ‘मिअर गेट एस गूट’ हे अख्खे तुकडे तसेच तोंडी घ्यायचे, त्यातला ‘डेम’ कुठून आला हे विचारायचे नाही आणि तक्ता फळ्यावर काढायचा नाही. लहान मूल ‘घरी’ म्हणते तेव्हा त्याला सप्तमी ठाऊक नसते, तसेच हे. दुसरा नकार ऐकण्याबाबत होता. ध्वनिफितीतले संवाद सावकाश करून ऐकवणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले, कारण न्यूर्नबर्गच्या दुकानात कोणी सावकाश बोलणार नाही आणि सावकाश ऐकण्याची सवय लागली की नेहमीच्या बोलण्यात जोडून जाणारे शब्द ओळखू येत नाहीत. वेग तोच ठेवून संवाद छोटा घ्यायचा आणि तीन वेळा ऐकायचा, असे ठरले.

त्या शुक्रवारचा तास मला अजून जसाच्या तसा आठवतो. मी गेले तेव्हा फळा कोरा होता आणि टेबलावर एका ताटात एक चमचा, एक काटा आणि एक सुरी ठेवली होती. जर्मनमध्ये चमचा पुल्लिंगी, ‘डेअर ल्योफेल’. काटा स्त्रीलिंगी, ‘डी गाबेल’. सुरी नपुंसकलिंगी, ‘डास मेसर’. एकाच ताटात तिन्ही लिंगे. मॅडमनी वही पिशवीतच ठेवायला सांगितली. मग मी एकेक वस्तू उचलायची आणि ‘इश ब्राउखे’, म्हणजे ‘मला हवा आहे’, असे म्हणून वाक्य पूर्ण करायचे. काटा उचलला, ‘डी गाबेल’, काही बदल नाही. सुरी उचलली, ‘डास मेसर’, काही बदल नाही. चमचा उचलला की ‘डेन ल्योफेल’. पहिल्या पाच-सहा वेळा चमचा हातात घेऊनही मी ‘डेअर’ म्हटले, आणि मॅडम काही न बोलता माझ्या हातातल्या चमच्याकडे बघत राहिल्या. मग मी स्वतःच थांबून दुरुस्त करू लागले. पुढे कप, बशी, ग्लास, मीठ, भांडे अशी भर पडत गेली. दीड तासात एकूण ११ नवे शब्द आणि एकच नियम झाला. खरे सांगायचे तर निघताना मला थोडे रितेच वाटले, एवढेच का झाले आज, अशी शंका आली. चौथ्या दिवशी सकाळी कागद घेऊन बसले तेव्हा ११ पैकी ९ शब्द लिंगासह उतरले आणि पुल्लिंगी शब्दांचा ‘डेन’ एकदाही चुकला नाही.

सुधारणा होते आहे हे मी कशावरून ओळखले, तर केवळ आकड्यांवरून नव्हे. आधी माझी चूक मला दुसऱ्याने दाखवावी लागे. डिसेंबरच्या अखेरीस मी वाक्याच्या मध्येच अडखळून मागे जाऊ लागले, ‘डेअर... डेन ल्योफेल’. ऐकणाऱ्याला ती अडखळ वाटेल, पण आत नियम जागा झाल्याची ती खूण होती. पंधरा मिनिटांच्या उजळणीत असे आपोआप मागे जाणे तीन-चार वेळा झाले की मॅडम नवे घेत. एकदाही झाले नाही, नुसत्याच सफाईने चुका झाल्या, तर त्या दिवशी नवे काही येत नसे. असे दोनदा घडले, आणि दोन्ही वेळा आधीच्या आठवड्यात घरी पाहुणे असल्याने मी काहीच बोलून पाहिले नव्हते. निरोपातली ती अट मीच घातली होती, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती.

जानेवारीच्या मध्यावर डाटीवचा तक्ता आला, तोही त्याच ताटावर. ‘मिट’ म्हणजे ‘ने’ किंवा ‘सह’, आणि त्यामागे नेहमी डाटीव. चमच्याने, ‘मिट डेम ल्योफेल’. काट्याने, ‘मिट डेअर गाबेल’. सुरीने, ‘मिट डेम मेसर’. आता तिन्ही बदलत होते, पण ‘डेन’ हाताशी पक्का असल्यामुळे तो जागचा हलला नाही. ‘मिट डेम बुस’ हा तुकडा दीड महिना तोंडात होता, तेव्हा ‘डेम’ ओळखीचा निघाला. मदत करणे आणि विचारणे यांतला फरक मी वहीत मराठीतच लिहून ठेवला, एका पानावर ‘डेन’वाला ‘ला’ आणि समोरच्या पानावर ‘डेम’वाला ‘ला’, आणि नवे क्रियापद आले की ते कोणत्या पानावर जाते एवढेच विचारायचे. ती पाने मॅडमनी मोबाइलवर फोटो काढून घेतली. त्यांच्या आणखी एका मराठी विद्यार्थ्याला नेमकी तीच अडचण होती.

सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ‘शकणे’ आणि ‘पाहिजे’ या अर्थांची चार क्रियापदे आली, माझी उत्तरे पटापट येत होती, आणि मॅडमना उत्साह वाटून एका तासात २६ शब्द आणि ती चारही क्रियापदे सर्व पुरुषांत चालवून झाली. मीही त्या भरात ‘समजलं’ म्हणून गेले. या वेळी लांब लिहिण्याची गरज पडली नाही. दुसऱ्या दिवशी एवढेच पाठवले, “मॅडम, कालचे २६ झाले. चौथ्या दिवशी ७ उरले तर शुक्रवारी त्यातलेच पुन्हा घेऊ या का?” त्यांचे उत्तर आले, “हो काकू, माझं भान सुटलं. शुक्रवारी फक्त ‘शकणे’.” चौथ्या दिवशी मला १० आठवले, आणि आम्ही तरीही पुन्हा घेतले.

या वेगाने काय गमावले तेही सांगते. मार्च संपत आला आहे आणि बारापैकी सात धडे झाले आहेत. भूतकाळ अजून सुरू व्हायचा आहे, म्हणजे ‘काल आम्ही बाजारात गेलो होतो’ हे मला अजून नीट सांगता येत नाही. तो अवघड आहे, कारण काही क्रियापदांना ‘असणे’ लागते आणि काहींना ‘जवळ असणे’, आणि मराठीतला ‘गेले’ किंवा ‘खाल्ले’ हा फरक तिथे जसाच्या तसा लागू होत नाही. उरलेल्या सहा आठवड्यांत तो पूर्ण होणार नाही. मॅडमनी विचारले, पूर्ण नियम घ्यायचा की रोज लागणारी मोजकी क्रियापदे तुकड्यांसारखी तोंडी घ्यायची. मी बारा क्रियापदांची यादी करून पाठवली आहे: गेले, आले, खाल्ले, प्यायले, केले, विकत घेतले, पाहिले, झोपले, स्वयंपाक केला, बोलले, विसरले आणि समजले. मंगळवारी त्यातली पहिली चार घ्यायची आहेत.